मावशींचे साठ तास

आमच्या दवाखान्यातल्या आया मावशींची नोकरी माझ्या एका तक्त्यानं गेली. संचालकांनी काढलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. हुकमावर सही त्यांची होती, एवढंच खरं.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. पिरंगुटाजवळ एका संस्थेचा दवाखाना होता. डॉक्टर आठवड्यातून दोनदा पुण्याहून येत. एरवी नर्सबाई, कंपाउंडर, मावशी आणि मी क्लार्क. नर्सबाई घरभेटीला उरवड्याला गेल्या की इकडं अडलेली बाई येई आणि आम्ही भाड्याची जीप करून तिला पुण्याला धाडत असू. दुसरी नर्स हवीच होती. संचालकांनी कळवलं, "कामाचा हिशेब आणि खर्चाचं कारण घेऊन या."

तीन महिन्यांची रजिस्टरं घेऊन बसलो. ड्रेसिंग, बाळंतपणं, घरभेटी, चालण्याचा वेळ, सगळ्याचे तास मांडले. एका माणसाचे महिन्याचे तास दोनशे आठ. नर्सबाईंचे भरले दोनशे साठ. जास्तीचं काम निदान अर्ध्या माणसाचं, म्हणजे एकशे चार तासांचं असल्याशिवाय संचालक नवी जागा देत नसत. माझ्याकडं होते बावन्न.

दोन दिवस मी नुसता येरझाऱ्या घालत होतो. मग मावशींकडं लक्ष गेलं. त्या डोंगरावरच्या वाडीतल्या. घरभेटीला नर्सबाईंच्या पुढं चालायच्या, वाडीतल्या बायकांना त्यांच्या बोलीत समजवायच्या, बाळंतिणीपाशी बसून राहायच्या. महिन्याचे साठ तास सहज. मावशींचे म्हणून लिहिले तर संचालक दुसरी आया देतील, ही भीती. मी ते साठ तास नर्सबाईंच्या रकान्यात टाकले. मावशींपुढं राहिलं पाणी भरणं आणि झाडलोट.

नर्सबाईंनी तक्ता पाहिला. "अहो, हे तास माझे नाहीत. मी एवढी राबले असते तर मलाच खाटेवर घालावं लागलं असतं."

"कागदावर चालतं, बाई. नर्स हवी ना?"

त्यांनी तक्ता माझ्या हातात परत दिला. हवी तर त्यांनाही होतीच.

पुण्याच्या कचेरीत संचालकांनी तक्ता दोनदा वाचला. मी पाठ केलेलं बोललो. नव्या नर्सचा पगार नव्वद, जीपच्या भाड्याचे महिन्याला पंचावन्न वाचतील, म्हणजे खरा बोजा पस्तीसच.

"तक्ता नीट केलाय," ते म्हणाले. मी सुखावलो. त्यांची पेन्सिल खाली सरकली. "ही आया दिवसाला दोनच तास काम करते?"

मी मान डोलावली.

"पगार किती तिला?"

"बत्तीस."

"मग झालं की! पाणी-झाडलोट कुणीही रोजावर करील. ते रोजाचे पैसे आणि उरलेले तीन रुपये मी कुठूनही काढीन." ते हसले. "बोला, काही अडचण?"

साठ तास सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते सांगितलं की तक्ता खोटा, आणि तक्ता खोटा की मी खोटा. मी म्हणालो, "नाही साहेब."

परतीच्या एसटीत मी तीनदा जागा बदलली.

हुकूम आला त्या दिवशी मावशी माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. "दादा, माजं काय चुकलं?"

"वरून आलंय, मावशी."

"साहेबांनी तर मला कदी बगितलं बी न्हाई."

मी रजिस्टरात तोंड घातलं. त्यांनी दोन घागरी विहिरीवरून भरून आणल्या, जागेवर ठेवल्या आणि गेल्या.

नवी नर्स आली. चांगली होती, हुशार होती. पहिल्याच महिन्यात एका बाळंतपणासाठी वाडीवर गेली आणि दारातून परत आली. बायका तिला आत घेईनात. नर्सबाई मुठा गावी गेलेल्या, त्या दुसऱ्या दिवशी येणार. कंपाउंडरनं मावशींना निरोप धाडला. मला वाटलं, येणार नाहीत. मनातून वाटत होतं, येऊ नयेत.

त्या आल्या. कमरेला पदर खोचलेला. "चला बाई, नव्या माणसाला बुजत्यात त्या. मी हाय संगं." मग माझ्याकडं वळून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "दादा, माजी हजेरी नका लावू तेवढी. साहेब तुमच्यावर रागावत्याल."

बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. त्या दिवसाच्या रजिस्टरात मी घरभेट लिहिली, चालण्याचा वेळ लिहिला. नाव नव्या नर्सचं.

नंतर संचालकांना खरं पत्र टाइप केलं होतं, कार्बन घालून. दोन्ही प्रती माझ्याच खणात राहिल्या. मावशी पुढंही येत राहिल्या, बोलावलं की, बिनपगारी. मी त्यांच्या सांगण्यावरूनच त्यांचं नाव लिहीत नाही, असं स्वतःला बजावायचो. हजेरीपुस्तकात नाव नसलं तरी पत्र पाठवता आलंच असतं.