पंचिंग मशीनखालचा स्टेपलर

आमच्या घरात लॅपटॉपसमोर मी बसते आणि नवरा खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो. खाण बंद पडली तेव्हापासून हे असंच आहे. तो खाणीच्या ऑफिसात स्टोअरकीपर होता. पेन्सिलीपासून ट्रकच्या सुट्या भागांपर्यंत सगळं त्याच्या ताब्यात असायचं. खाणी सुरू होणार, सुरू होणार, असं ऐकता ऐकता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या. शेवटी काही ठिकाणी काम सुरू झालंही, पण तिथे नवी माणसं आली आणि ह्याला कुणी बोलावलं नाही. मग तो बोलेनासा झाला. सकाळी दारावर येणाऱ्या पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पाव घेणं आणि दुपारी मये तळ्यापर्यंत जाऊन परत येणं, एवढाच त्याचा दिवस. मला त्याची दया यायची आणि दया आली की मी चिडायचे.

माझं काम म्हणजे फोटोंवर चौकटी काढणं. फोटोत वस्तू दिसली की माउसने तिच्याभोवती चौकट ओढायची आणि बाजूच्या यादीतून नाव निवडायचं. असे ढीगभर फोटो बघून कॉम्प्युटर पुढे आपोआप वस्तू ओळखायला शिकतो म्हणे. डिचोलीत बसस्टँडच्या मागे एका दुकानाच्या माडीवर आमची सुपरवायझर बसते, ती हे काम वाटते. मुलगी माझ्यापेक्षा खूप लहान आहे, पण कामाला कडक.

एक दिवस तिने जुन्या ऑफिसांच्या ड्रॉवरचे फोटो आणले. नावं चारच होती: स्टेपलर, पंचिंग मशीन, बाइंडर क्लिप आणि स्टॅम्प पॅड. बाकीचं सामान सोडून द्यायचं. नव्या मुलांना हे जमेना. वरून फोटो काढला की बुटकं पंचिंग मशीन त्यांना स्टेपलर वाटायचं. बंद स्टॅम्प पॅड म्हणजे टाचण्यांची डबी समजून ती पुढे जायची. बाइंडर क्लिपच्या तारा दुमडलेल्या असल्या की काळ्या पट्टीकडे त्यांचं लक्षच जायचं नाही.

"माझ्या नवऱ्याला घ्या," मी म्हटलं. "त्याचा सगळा जन्म असल्या ड्रॉवरात गेलाय."

ती म्हणाली, "काकांना चाचणी द्यावी लागेल. एकदाच मिळते ती. नापास झाले तर सिस्टम त्यांचं खातं बंद करते, मग मी काही करू शकत नाही."

मी हो म्हणून आले. घरी येईपर्यंत मनात किती काय काय मांडून ठेवलं होतं. दोन टेबलं, दोन लॅपटॉप, मध्ये चहा. एकमेकांना हाक मारून विचारायचं, हे काय दिसतंय गो, म्हणून. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला पुढचं काहीतरी दिसत होतं.

त्याने आधी नकोच म्हटलं. मी लॅपटॉप त्याच्या मांडीवरच ठेवला. पहिला ड्रॉवर उघडला आणि तो पुढे वाकला.

"ह्यो स्टेपलर," तो म्हणाला. "लांबट आसा, पुढे पिन दुमडपाची पट्टी बघ. आणि ह्यां पंचिंग मशीन. बूड रुंद आसा, कागदाचे तुकडे थंय खाली पडतत. चुकतलो कोण?"

"आणि हा डबा?"

"स्टॅम्प पॅड. कडेक जांभळी शाय लागल्या, दिसना नाय तुका? टाचण्यांच्या डबयेक शाय कित्याक लागतली?"

त्याचा असा आवाज मी विसरूनच गेले होते. जुन्या साहेबाला सामान दाखवताना तो असाच बोलत असणार. मी मुद्दाम दोन-चार खोटे प्रश्न विचारले, त्याने ते हसत परतवले. चौकटी कशा ओढायच्या तेही मी समजावलं. वस्तूचा जेवढा भाग दिसतो, तेवढ्याचीच चौकट काढायची. एकावर एक वस्तू असतील तर खालची जिथे झाकली जाते, तिथे थांबायचं. तो मान हलवत होता. पहिल्या फोटोत त्याने अगदी तसंच केलं, मी बाजूला उभी होते. मग तव्यावर बांगडे टाकायला मी आत गेले.

बाहेर आले तेव्हा त्याने चाचणी पाठवूनही दिली होती. एकदा पाठवली की ती परत उघडत नाही.

"झाला," तो म्हणाला आणि स्वतःहून पान वाढायला उठला. जेवताना त्याने एक बांगडा जास्त घेतला. मी त्याला चिडवलं, आता पोट सुटणार बसून बसून. तो म्हणाला, सुटूदे.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरचा फोन आला.

"बाई, नावं सगळी बरोबर आहेत. एकही चूक नाही. पण चौकटी मोठ्या आहेत. झाकलेला भागसुद्धा आत घेतलाय, जवळजवळ प्रत्येक फोटोत. सिस्टमने नापास केलं."

"परत एकदा..."

"खातं बंद झालंय. मी बघितलं सगळं करून, खरंच."

मी त्याला सांगितलं. मला शांतपणे सांगायचं होतं, पण आवाज चढलाच. इतकं समजावलं होतं, मान कशाला हलवत होता, असं काहीबाही बोलले. तो खिडकीबाहेर बघत होता.

"पयलो फोटो तू सांगलंस तसो केलंय," तो म्हणाला. "मगे दुसऱ्यात पंचिंग मशीनखाली स्टेपलर होतो. अर्दो दिसत होतो. स्टॉक तपासूक येयत ते विचारीत, बाकीचो अर्दो खंय गेलो? मी अर्दो स्टेपलर कधी लिवूक नाय गो. खाली आसा तो. माका ठावक आसा किती लांब आसा तो."

"ते ठाऊक असून उपयोग नाही. दिसतं तेवढंच."

"मगे जां दिसना नाय तां नायच म्हणान सांगूचा?"

मी माझ्या लॅपटॉपकडे वळले.

नापास झालेले फोटो वाया जात नाहीत, ते दुसऱ्या कुणाकडे दुरुस्तीला जातात. त्या आठवड्यात काही माझ्याकडे आले. कुणाचे ते लिहिलेलं नसतं, पण मला लगेच कळलं. जुना लाकडी ड्रॉवर, तळाला पिवळा पडलेला कागद, कोपऱ्यात दुमडलेल्या तारांची बाइंडर क्लिप, तीसुद्धा त्याने शोधून काढली होती. मध्ये पंचिंग मशीन आडवं पडलेलं. त्याच्याखालून स्टेपलरचं तोंड बाहेर आलं होतं. त्याने काढलेली चौकट मशीनच्या पलीकडे गेली होती आणि जिथे स्टेपलरची मागची बिजागरी असणार, बरोबर तिथे थांबली होती.

तशीच ठेवली असती तर चूक माझ्या नावावर लागली असती आणि आमच्या घरात आता माझं एकच खातं उरलं होतं. तो मागे खुर्चीत होता. बघत होता की नाही, मी वळून पाहिलं नाही. चौकटीची कड धरली आणि ओढत ओढत पंचिंग मशीनच्या काठापर्यंत आणली. मग पुढचा फोटो उघडला. त्यातही त्याच्या चौकटी होत्या.