दुसऱ्या बाजूचा स्वल्पविराम

आमच्या ऑफिसातलं एकही इंग्रजी पत्र तपासनीसकाकांच्या टेबलावरून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. तपासलेल्या प्रत्येक स्वल्पविरामावर ते पेन्सिलीने बारीक टिंब देत. वाक्याच्या मध्ये आलेल्या ‘हाउएव्हर’ला मी, टायपिस्ट, एकाच बाजूला स्वल्पविराम दिला की म्हणत, “बाई, दाराची एकच फळी लावून घर बंद होतं का?” अशी सत्तावीस वर्षं.

सोमवारी साहेबांनी एक पत्र तपासायला पाठवलं. नावाची जागा कोरी. काकांनी ‘आफ्टर केअरफुल रिव्ह्यू’पुढे स्वल्पविराम घातला. ‘द पोस्ट इज देअरफोर क्लोज्ड’ यात ‘देअरफोर’च्या दोन्ही बाजूंना घातले. “कुणा बिचाऱ्याची नोकरी गेली,” म्हणाले.

मंगळवारी तेच पत्र त्यांच्या नावाने आलं. मेल्या साहेबाला तोंडाने सांगायची हिंमत नव्हती. नाव घालून अख्खं पत्र माझ्याकडून पुन्हा टाइप करून घेतलं. काका टिंबं देत वाचत गेले आणि थांबले. ‘देअरफोर’नंतरचा स्वल्पविराम माझ्या हातून सुटला होता.

“हे असलं मी घेणार नाही.”

मला वाटलं, आता भांडतील. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी स्वल्पविराम घातला. त्यावर टिंब देऊन त्यांनी खाली पत्र मिळाल्याची सही केली.