दोन घरांची चौकट

आईबरोबर भाजी विकत मी शिकलो. आपली गरज समोरच्याला कळू द्यायची नाही, हा भाव करण्यातला पहिला धडा मला तिथेच मिळाला.

बारावीच्या सराव परीक्षेचे पेपर आम्ही संस्थेच्या कोल्हापुरातल्या कॉलेजात तपासत होतो. सगळ्या शाखांचे गठ्ठे एकत्र, पेपरांवर नावं नाहीत. प्रवेश परीक्षेच्या तयारीच्या संस्थेच्या मोफत बॅचमध्ये कोण जाणार, ते याच मार्कांवर ठरायचं. माझ्या वर्गातली शिरोळची एक मुलगी त्या जागेसाठी जिवाचं रान करत होती. बाहेरचा क्लास तिच्या घरच्यांना झेपणारा नव्हता.

प्रश्न होता Tt उंच आणि tt बुटक्या वाटाण्याच्या संकराचा. जोडीतलं एकेक अक्षर घेऊन जाणाऱ्या युग्मकांना एक मार्क, संततीच्या जनुकरूपांना एक, उंच-बुटक्यांच्या गुणोत्तराला एक. एका पेपरात एका बाजूला T आणि t, दुसऱ्या बाजूला एकच t होता. संततीच्या चौकटीत घरं दोनच: Tt आणि tt. खाली लिहिलं होतं, उंच : बुटकी = १ : १. मी तिन्ही मार्क दिले. tt कडून t शिवाय दुसरं युग्मक येतच नाही, मग तेच अक्षर दोनदा कशाला मांडायचं? असं शिकवणारा संस्थेत मी एकटाच. अक्षरही त्या मुलीचंच वाटत होतं.

मुख्य परीक्षक मॅडमनी पेपर परत आणून दिला. त्या माझ्यापेक्षा लहान, पण कायम. मी इतकी वर्षं तासिकेवर.

"नमुना उत्तरात चार घरं आहेत, सर. संततीचा मार्क कापा."

मी त्यांच्यापुढे दुसरा पेपर टाकला. त्यात युग्मकांच्या जागी अख्खं Tt आणि tt लिहिलं होतं, पण पाठ केलेली चार घरं बरोबर भरली होती. त्याला दोन मार्क आणि हिलाही दोनच? त्या म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखाच.

माझा आवाज चढला. "उत्तर बरोबर हाय, मग मार्क का न्हाय?"

खोलीतल्या माना वर झाल्या. मी भावात खाली आलो, अर्धा तरी द्या म्हणालो. त्यांनी शांतपणे विचारलं, "एवढं का लागतंय तुम्हाला? ओळखीचा पेपर आहे का?"

हो म्हटलं असतं, तर पेपर माझ्याकडून गेला असता आणि तिच्यावरही संशय आला असता. मी नाही म्हणालो. मग लाल पेनाने तीनचे दोन मीच केले.

तिची जागा त्या एका मार्काने गेली.

पुढच्या तासाला मी फळ्यावर चार घरं आखली. मागून तिचा आवाज आला, "दोनात भागतंय की सर. तुम्हीच सांगितलं हुतं."

"चार काढ," मी म्हणालो.

तिने चार काढली.