चटणीत गेलेला दोडका

माझा हिशेब जुळला नाही की मला अन्न गोड लागत नाही. घरात यावरून माझी भरपूर चेष्टा होते. पण लालबागमध्ये तळमजल्याच्या एका गाळ्यात शाकाहारी खानावळ चालवायची, तर कुणीतरी हे वेड लावून घ्यावंच लागतं. सासूबाईंनी खानावळ सुरू केली तेव्हा त्या अंदाजाने चालवायच्या, आणि चालायचीही. मी आल्यावर वजनकाटा आला.

त्या वर्षी परळच्या एका टॉवरमधल्या ऑफिसने रोजच्या थाळ्यांसाठी विचारलं. अट एकच, वर्षभर भाव बदलायचा नाही. गल्ल्यावर येणाऱ्या गिऱ्हाइकाला भाजी महागली की दोन रुपये वाढवून सांगता येतं, इथे ती सोय नव्हती. एकदा आकडा दिला की दिला. त्यामुळे एक ताट आम्हाला खरोखर कितीला पडतं, हे मला नक्की हवं होतं.

भात, आमटी, पोळ्या यांचा त्रास नसतो. तांदळाचा आणि डाळीचा भाव ठाऊक, शिजून किती होतात तेही ठाऊक. घोळ घालते ती भाजी. साठ रुपये किलोचा फ्लॉवर आपण साठनेच धरतो, पण देठ, पानं, काळं पडलेलं काढून निम्माच हातात आला तर तो कढईत पडताना एकशेवीसचा झालेला असतो. मटाराची टरफलं आणि मेथीच्या काड्याही आपण पैसे मोजूनच घरी आणतो. म्हणून गेल्या वर्षीच मी प्रत्येक भाजी निवडण्याआधी आणि निवडल्यावर तोलून प्रमाण काढून ठेवलं होतं. त्या भाज्या सासूबाईंनीच चिरल्या होत्या. विळीवर दुसरं कुणी बसायचंच नाही.

तेच प्रमाण धरून मी ताटाचा भाव काढला. ऑफिसला कळवण्याआधी खात्री म्हणून आठवडाभराच्या खरेदीशी ताडून पाहिला, तर जुळेना. भाजी हिशेबापेक्षा कितीतरी जास्त लागत होती. ताटं तेवढीच, वाटीही तीच. मी आधी नवऱ्यावर घसरले. पहाटे भायखळ्याच्या बाजारातून भाजी तोच आणतो. तो म्हणाला, पाऊस नुकताच सरलाय, माल खराब येतोय, फ्लॉवरमध्ये अळ्या आहेत. त्याचं चूक नव्हतं, या दिवसांत भाजी जास्त वाया जातेच. पण दुधी आणि दोडका त्याने निवडून आणलेला, हिरवागार असायचा. मग तो कुठे जात होता? आमचं चांगलंच वाजलं. सासूबाई विळीवर मान खाली घालून चिरत राहिल्या. एरवी आमच्या भांडणात त्या मुलाची बाजू घेतात, त्या दिवशी घेतली नाही.

उत्तर समोरच होतं, आणि तेही रोज ताटात वाढलं जात होतं. आमच्याकडे दोडक्याच्या शिरा टाकत नाहीत. तीळ, खोबरं, मिरची घालून त्यांची कुरकुरीत चटणी होते आणि ताटात चमचाभर पडते. खर्चात ती मी शून्य धरली होती. सालांचे पैसे कोण लावतं? पण गेले काही महिने गिऱ्हाइकं त्या चटणीची फार तारीफ करत होती. पूर्वीपेक्षा मऊ लागते, चव भरून येते, म्हणत होती. मलाही आनंदच होत होता. त्या दुपारी परातीतल्या शिरा भाजायला घेतल्या तर त्या कुरकुरीत होईचनात, पाणी सोडत राहिल्या. बोटाने उचलून पाहिल्या. सालीला अर्ध्या बोटाएवढा जाड पांढरा गर होता.

दुसऱ्या दिवशी एकाच पिशवीतले दोडके मी दोन ढीग करून ठेवले, दोन-दोन किलोचे. एक त्यांच्यापुढे ठेवला, एक मी सोलला. माझा दीड किलो भरला. त्यांचा एक किलो आणि वर शंभर ग्रॅम. दोडका ऐंशी रुपये किलो होता, म्हणजे माझ्या हातचा एकशेसातला पडला आणि त्यांच्या हातचा एकशेपंचेचाळीसला. वाटीमागे दीडशे ग्रॅम लागतो. एका वाटीला जवळजवळ सहा रुपयांचा फरक. जो गर चटणीत गेला तो ताटातच गेला हे खरं, पण चटणी जास्त झाली म्हणून भाजीची वाटी अर्धी भरता येत नाही. ऑफिसच्या ताटामागे आम्हाला सुटणार होते तेच जेमतेम सात रुपये.

काटा त्यांच्यासमोरच होता. त्यांनी आकडा विचारला नाही. हात पुसत म्हणाल्या, "दिसणा नाय गो माका."

मग त्यांनीच सांगितलं. विळीची धार दिसते, भाजीचा आकार दिसतो, बाकीचं सगळं धुरकट. दोडक्याचं साल कुठे संपतं ते बोटाला कळत नाही, म्हणून धार खोल लावायची. आणि फ्लॉवर? "अळी दिसणा नाय. बोटाक जरा वेगळा लागला की तेवढा सगळाच टाकतंय. कोणाच्या ताटात गावली तर काय करूचा?"

मी नवऱ्याशी मालावरून भांडत होते तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. मला राग आला, खोटं कशाला सांगू. आधी त्यांचा आला, लपवलं म्हणून. मग माझाच आला. मी भाजीचा ग्रॅमनग्रॅम तोलत होते, आणि समोर बसलेली बाई गिऱ्हाइकाला ओळखायला आवाजाची वाट बघते, हे मला दिसलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "माझ्यामुळे ताटामागे किती जातत?"

आकडा माझ्या जिभेवर होता. अजून काढला नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. माझा हिशेब काढायचा राहतो, यावर आमच्या घरात कुणाचाच विश्वास बसला नसता.

डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे. थेंब घालून उरलेली नजर टिकवता येईल, गेलेली परत येणार नाही. लवकर का नाही आणलं, हेही त्यांनी विचारलं. नवरा माझ्याकडे बघत राहिला.

ऑफिसला मी नव्याने काढलेला भाव दिला आणि काम मिळालं. आता विळीवर मी बसते. सासूबाईंना आम्ही बसूनच राहा म्हणालो, पण त्या ऐकत नाहीत. लसूण सोलतात, नारळ खवतात, जे बोटांना समजतं ते करतात. त्यांच्यापुढची विळी काढून घेतली, त्या संध्याकाळी मात्र त्या जेवल्या नाहीत.

परवा एक जुनं गिऱ्हाईक जेवता जेवता थांबलं. चटणीला पूर्वीची चव राहिली नाही, म्हणालं. मी दोडक्याच्या मोसमाचं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून सासूबाईंचाच आवाज आला.

"आता तिच्यात नुसते शिराच असतत."