भाऊजींचा डावा गाल

नोटा छापणाऱ्या कारखान्यात कुणाच्या वाट्याला अक्षरं कोरायचं काम येतं, कुणाच्या वाट्याला वेलबुट्टी. धाकट्याच्या वाट्याला चेहरे आले. धाकट्या हे अर्थातच घरातलं नाव, आणि साठी उलटली तरी ते सुटलं नव्हतं, कारण त्या नावाने हाक मारणारी ताई अजून खणखणीत होती. कारखान्यात मात्र त्याला ‘गालवाले’ म्हणत. डोळे आणि नाक कुणालाही जमतात, निदान जमल्यासारखे दिसतात. गालावर धरायला काहीच नसतं. कडा नाही, कोपरा नाही, नुसता हळूहळू वळत जाणारा उजेड. तो उजेड पोलादावर रेघांनी उभा करायचा, म्हणजे रेघेने गालाच्या अंगाअंगाने जायचं. गोल मडक्यावर दोरा गुंडाळावा तशी ती वळली पाहिजे, सावलीत जाड झाली पाहिजे, उजेडात बारीक होत होत शेवटी नुसते ठिपके उरले पाहिजेत. मग तिच्यावरून तिरकी दुसरी रेघ, आणि दोन्हींच्या मधल्या शंकरपाळ्याएवढ्या, नव्हे, त्याच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या चौकटीत एक टिंब. उमेदवारीत कितीतरी वर्षं त्याने फक्त समांतर रेघा ओढल्या होत्या, तेव्हा कुठे त्याला कुणाचा कान कोरायला मिळाला होता.

आयुष्यभर त्याने थोरामोठ्यांची तोंडं कोरली, पण घरच्या एकाचंही नाही. कारखान्यातून पोलादाचा कपचासुद्धा बाहेर येत नसे. निवृत्त झाल्यावर त्याने मागच्या खोलीत एक जुनं हातदाबाचं छपाईयंत्र आणून बसवलं, खिडकीशी टेबल मांडलं, आणि कुणाच्या लग्नाची पत्रिका, कुणाच्या पुस्तकात चिकटवायचं नावाचं चित्र असली फुटकळ कामं करू लागला. बायको म्हणायची, “एवढी वर्षं पैसे कोरलेत, घरात मात्र शाईच आणलीत.”

भाऊजी गेल्यावर वर्षभराने ताई त्याच्याकडे आली. पिशवीतून एक ओळखपत्राचा फोटो काढून तिने टेबलावर ठेवला. फोटो भाऊजींच्या आजारपणातला होता. समोरून दिवा चमकवून काढलेला, पांढराफटक.

“मोठा करून आणला होता,” ती म्हणाली. “नुसती धूळ दिसते. तू कोरून दे.”

“अगं, हा कशाला? दाढीतला घे की. काय रुबाबदार दिसायचे.”

भाऊजींची दाढी ही सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध गोष्ट होती. लग्नात होती, मुलं झाली तेव्हा होती, निवृत्तीच्या समारंभात तर हारापेक्षा ती उठून दिसत होती. पुढे दोन्ही हात लुळे पडले, दाढीत अन्न अडकायला लागलं, तेव्हा ताईने ती काढून टाकली आणि मग शेवटपर्यंत रोज सकाळी ती त्यांची दाढी करत राहिली.

“दाढीवाले सगळ्यांचे होते,” ताई म्हणाली. “हे माझे होते.” मग तिने खरं कारण सांगितलं. “धाकट्या, मला त्यांचा चेहरा आठवेनासा झालाय रे. दाढीचा आठवतो, कारण त्याचे फोटो घरभर आहेत. हा निसटत चाललाय. डोळे मिटले की हा फोटोच दिसतो, ते दिसत नाहीत.”

एवढं ऐकल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती, आणि त्याला नाही म्हणायचंही नव्हतं. त्याने फोटोवर पारदर्शक कागद ठेवून नुसत्या कडा उतरवल्या, कागद उलटा केला आणि तांब्याच्या पत्र्यावर ती उलटी आकृती घेतली, कारण पत्र्यावरचं डावं कागदावर उजवं होतं. समोर फोटोऐवजी आरशातला फोटो ठेवला. चामड्याच्या वाळूभरल्या उशीवर पत्रा ठेवून तो कामाला लागला. कोरणी जागच्या जागी पुढे ढकलायची आणि वळण हवं तिथे पत्राच फिरवायचा, ही हाताची जुनी सवय. डोळ्याला भिंग लावलं की जगात दुसरं काही उरत नसे. डाव्या गालावर फोटोत एक फिकी करडी छटा होती, तीही त्याने इमानदारीने घेतली, पहिल्या रेघांवर दुसऱ्या रेघा टाकून नेमकी तेवढीच करडी केली. मग पत्र्यावर शाई भरली, पुसली, ओलसर कागद घातला आणि यंत्रातून पहिला ठसा काढला. स्वतःवरच खूश होऊन त्याने ताईला बोलावलं.

ताईने ठसा उजेडात धरला. बराच वेळ पाहिला.

“सुरेख आहे,” ती म्हणाली. “पण हे कोण?”

त्याचा पारा चढला. “कोण म्हणजे? फोटो शेजारी धर! एक केस इकडचा तिकडे नाही.”

“तेच म्हणते. फोटोसारखं आहे. त्यांच्यासारखं नाही.”

बायकोने मागून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “नोटेवर छापायला मात्र हरकत नाही.”

ती थट्टा त्याच्या वर्मी लागली. दोन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही, जेवताना वरण वाढायलाही त्याने मानेनेच सांगितलं. ताईला पुन्हा बोलावलं तेव्हाही आवाजात फुरंगटलेपण होतंच. “काय चुकलंय ते तरी सांग. नाक? ओठ?”

“मला कुठे चित्रातलं कळतं? सांगता येत असतं तर सांगितलं नसतं का? माझ्या हाताला ठाऊक आहे, मला नाही.”

“हाताला?”

“रोज या हाताने दाढी करत होते ना त्यांची.”

तो उठला. न्हाणीघरातून त्याने साबण, ब्रश, रेझर आणि खुंटीवरचा आरसा आणला, टॉवेल खांद्यावर घेतला आणि खिडकीपाशी खुर्चीत बसला. “कर माझी.”

“काहीतरीच काय! म्हातारा झालास.”

“म्हणूनच म्हणतो, कर. लहानपणी नाकं पुसली आहेस माझी. आता लाजतेस कसली?”

ताईने फेस केला. सुरुवातीला तिचा हात अवघडलेला होता, पण रेझर कानाशी टेकला आणि हात आपला आपण चालू लागला. डाव्या अंगठ्याने कातडी ताणायची, कानापासून खाली, जबड्याच्या हाडावरून वळून हनुवटीकडे. उजवा गाल झाला. डाव्या गालावर येताच तिने दोन बोटांनी त्याच्या गालावर टकटक केलं आणि सवयीने म्हणाली, “हं, फुगवा.”

तिचं तिलाच कळलं आणि ती थबकली.

“काय फुगवू?” त्याने फेसातूनच विचारलं.

“गाल रे. तिकडच्या दाढा काढल्या होत्या त्यांच्या. गाल आत बसला होता, रेझर टेकायचाच नाही. मग तोंडात हवा भरायचे. आणि मी रेझर टेकवला रे टेकवला की हसू फुटायचं, सगळा फेस माझ्या अंगावर.” ती बोलता बोलता हसली. “हात चालत नव्हते, पण वात्रटपणा चालू होता.”

धाकट्या हलला नाही. तिचा अंगठा त्याच्या भरलेल्या गालावर एक खळगा शोधत होता आणि तो तिथे नव्हता. हा खळगा त्याने भाऊजींच्या उशाशी बसून कितीदा पाहिला असेल, पण पाहायचा म्हणून कधी पाहिला नव्हता. आपलं काय चुकलं ते त्याला गालावरच कळलं. फोटोतली ती करडी छटा त्याने फुगीर गालाची सावली समजून घेतली होती आणि हाताने सवयीप्रमाणे रेघा बाहेरच्या बाजूला वळवल्या होत्या. करडेपणा अचूक होता. वळण उलटं होतं. सावली तेवढीच ठेवून रेघ बाहेर वाकवली की गाल फुगतो, आत झुकवली की बसतो. त्याच्या कारखान्यातल्या नोटांवर कुणाचाच गाल बसलेला नसे, तसा रिवाजच नव्हता. त्याने भाऊजींनाही जन्मभराच्या खात्यापित्या थोर माणसाचा गाल देऊन टाकला होता.

“पुन्हा फेस लाव तिथे,” तो म्हणाला. “जाड. आणि आता रेझर नको, बोट फिरव. डोळे मीट. माझा गाल विसर, त्यांच्यावरून जायचीस तशी जा.”

ताईने डोळे मिटले. बोट कानाशी टेकलं, गालाच्या हाडाखाली आलं आणि सैल दोरी झुकावी तसं झुकून पुन्हा ओठाच्या कोपऱ्याशी वर आलं. त्याखाली दुसरी रेघ, जरा कमी झुकलेली. त्याखाली तिसरी. फेसात एकामागून एक चऱ्या उमटत गेल्या. धाकट्या आरशात पाहत होता. आरशातलं सगळं पत्र्यावरच्यासारखंच उलटं होतं, त्याला मनात काही फिरवून घ्यावंही लागलं नाही. पाहता पाहता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. साबण गेला म्हणत त्याने डोळे पुसले, आणि ताईनेही साबणावरच विश्वास ठेवला.

मग पत्र्यावरचा तो गाल त्याने तासून काढला. तासल्यावर तिथे खोलगा पडतो, म्हणून पत्रा पालथा घालून नेमक्या त्या जागी मागून हलके हातोडीचे ठोके दिले, जागा वर उचलली, घासून आरशासारखी केली. नवा गाल कोरायला त्याला पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. बायको चहा ठेवून जायची आणि गार झालेला घेऊन जायची, पण एकदाही टोमणा मारला नाही.

नव्या ठशाची शाई पुरती वाळेपर्यंत त्याने तो कुणाला दाखवला नाही. ताई आली तेव्हा ठसा टेबलावर होता आणि तो पाठ करून उगाच कोरणीला धार लावत होता. त्याला राहवलं नाही, तो वळला.

ताई पाहत नव्हती. तिने डोळे मिटले होते आणि तर्जनी कागदावर, कानापासून निघून, त्या खळग्यात उतरत होती. असल्या छपाईत शाई कागदावर उभी राहते, प्रत्येक रेघ बोटाला खरखरीत लागते. बोट ओठाच्या कोपऱ्यापाशी आलं, थांबलं, आणि परत उलटं वर गेलं.

“अगं बाई,” ताई हळूच म्हणाली, “किती खुंट वाढलेत यांचे.”

आणि डोळे न उघडताच तिने दोन बोटांनी त्या गालावर टकटक केलं.