उंचावरून ओढा अरुंद दिसतो

ड्रोन उडवणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पूर्वी लग्नात व्हिडिओवाला नवरीच्या नाकात दिवा घालायचा, आता तोच माणूस चार पंख्यांचं यंत्र हवेत सोडतो आणि स्वतःला दिग्दर्शक म्हणवतो. मी तळेगावात राहते, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि गेली काही वर्षं माहितीपटांचं निवेदन लिहून देते. त्यामुळे ही जमात मला जवळून बघायला मिळते. लांबून बघितली असती तर कदाचित माझं मत बरं झालं असतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी असाच एक पुण्याचा दिग्दर्शक माझ्याकडे आला. तिकोणा पेठेच्या पुढे, ओढ्यापलीकडे एक वस्ती आहे. पावसाळ्यात ओढा भरला की वस्तीचा रस्त्याशी संबंध तुटतो. मग पाऊण तासाचा वळसा घालून वरच्या अंगाच्या फरशीवरून, म्हणजे दगडी बुटक्या पुलावरून, यावं लागतं. एका कारखान्याचं सामाजिक कामाचं मंडळ तिथे साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता छोटा पूल, बांधून देणार होतं. देणार म्हणजे, चित्रफीत बघून पटलं तर देणार. हल्ली गरजसुद्धा आधी चित्रपटात काम करून आली पाहिजे.

दिग्दर्शकाने चित्रफीत करून मंडळाकडे धाडली होती. ती परत आली. मंडळाच्या साहेबांचा शेरा एका ओळीचा होता: रस्ता तर वस्तीला लागूनच दिसतोय, मग साकव कशाला?

"मॅम, थोडं स्क्रिप्ट इंप्रूव्ह करून हवंय," दिग्दर्शक म्हणाला. "व्हिज्युअल्स तर टॉपच आहेत."

मी ती टॉप व्हिज्युअल्स लावली. सुरुवातीलाच खर्जातला एक आवाज म्हणाला, 'सह्याद्रीच्या कुशीत वसलेलं हे चिमुकलं गाव.' मावळातलं प्रत्येक गाव माहितीपटात कुशीतच वसलेलं असतं. उठून कामाला गेलेलं एकही गाव माझ्या बघण्यात नाही. आवाज कुशीत असताना पडद्यावर मात्र वस्तीची कौलं मागे पडून ओढा आला होता. आवाज किल्ल्यावर चढला तेव्हा ड्रोन दूध केंद्रावर होता. आणि ज्या घटकेला एक बाई दुधाची किटली घेऊन ओढ्याकाठी उभी दिसली, त्याच घटकेला निवेदनात पवना धरणाच्या निळ्याशार पाण्याचं कौतुक चाललं होतं. कुणाचा कुणाला पायपोस नव्हता. पुढे ती बाई वळसा घालून चालू लागली, तर तिचं चालणं बारापट वेगाने पळवलं होतं आणि खाली ढोल वाजत होते. पाऊण तासाची पायपीट पंधरा सेकंदांत उरकली होती. आणि त्यावर साहेबांना वस्ती जवळ वाटली, यात साहेबांची काय चूक?

"स्क्रिप्ट कधी लिहिलंत?" मी विचारलं.

"शूटच्या आधी. म्हणजे प्लॅनिंग परफेक्ट होतं."

शूटच्या आधी लिहिलेलं निवेदन म्हणजे नवरा न बघता शिवलेला सदरा. हे मी त्याला बोलूनही दाखवलं. तो हसला. या लोकांना अपमान कळत नाही, ते त्याला फीडबॅक म्हणतात.

मी चित्रफितीचा आवाज बंद केला आणि नुसती चित्रं पुन्हा पुन्हा बघितली. उडत्या चित्राला लिहिणं हे जमिनीवरच्या चित्राला लिहिण्यासारखं नसतं. ड्रोन थांबत नाही. एखादी गोष्ट चौकटीत शिरण्याच्या किंचित आधी तिचं नाव घ्यावं, म्हणजे डोळा तिची वाट बघतो. ती मधोमध आली की गप्प बसावं. गेल्यावर तिच्याबद्दल बोलणं म्हणजे वरात गेल्यावर अक्षता टाकणं. 'डावीकडे' म्हणावं तर ड्रोन घिरटी घालतो आणि डावं ते उजवं होतं. त्यात मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी, तिथवर पोचेपर्यंत यंत्र दुसऱ्या शेतावर गेलेलं असतं. म्हणून वाक्यं आखूड हवीत. एवढं साधं आहे. पण जो माणूस 'निसर्गाने मुक्तहस्ते केलेली उधळण' ऐकून भारावतो, त्याला हे कोण सांगणार?

तरी एक अडचण मलाही सुटेना. शब्द चित्राबरोबर चालवले तरी ओढा वरून अरुंदच दिसत होता, उडी मारून जावं असा. ते यंत्र खोटं बोलत नव्हतं, पण खरंही सांगत नव्हतं. म्हणून मी दिग्दर्शकाला म्हटलं, चल वस्तीवर. पवनानगरहून जीपने गेलो. तो वाटेत गाडीच्या काचेतून 'वॉव' म्हणत होता. मी झोपेचं सोंग घेतलं.

किटलीवाल्या मावशी घरीच होत्या. साठीच्या, काटक, बोलायला फटकळ. मी लॅपटॉपवर त्यांना त्यांचंच चालणं दाखवलं. त्या डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"यात मी कुटं हाय?"

मी बोट ठेवलं.

"ही? ही तर मुंगी हाय!" त्या म्हणाल्या. "मुंगीला साकव कोन दील, बाई?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. दोन म्हशी. सकाळी दुधाची गाडी रस्त्याला येते आणि थोडा वेळ थांबून जाते. पावसाळ्यात वळसा घालून जाईपर्यंत ती बऱ्याचदा निघून गेलेली असते, मग दूध परत. ओढ्यातून जायला बघितलं तर मागच्या साली पाय घसरून खांदा निखळला. "लय झालं आता," त्या म्हणाल्या. "यंदा मंजूर न्हाई झालं तर फुडच्या पावसाच्या आत म्हशी इकायच्या. लेक म्हनतो, कंपनीच्या क्यांटीनात भांडी घास. मी न्हाई घासनार." हे शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून नाही, गोठ्याकडे बघून म्हणाल्या. मला त्यांचा राग, त्यांचा माज, सगळंच आवडलं.

दिग्दर्शक बाहेर उंबराच्या झाडाचा फोटो काढत होता.

परत येताना मला सुचलं. मावशी मुंगी दिसत होत्या, कारण त्या मुंगी होण्याआधी त्यांची ओळखच कुणी करून दिली नव्हती. ड्रोनच्या टाकून दिलेल्या तुकड्यांत एक तुकडा होता. मावशी ओढ्याकाठी, अगदी जवळून, अंगावर पावसाची पिवळी प्लॅस्टिकची खोळ. तिथून ड्रोन सरळ वर चढत होता. दिग्दर्शकाने तो तुकडा काढून टाकला होता, कारण त्यात किल्ला येत नव्हता.

मी तोच पहिला घेतला. निवेदन असं लिहिलं:

'या मावशी. किटलीत दूध आहे. आता आपण वर जाऊ. पिवळ्या खोळीवरची नजर काढू नका.'

मग ड्रोन वर चढतो, खोळ ठिपका होते, पण डोळा तिला सोडत नाही. चौकटीत पलीकडचा रस्ता शिरण्याच्या जरा आधी:

'आणि ही दुधाची गाडी.'

आता खोळ आणि गाडी, दोन्ही एकाच चित्रात. हे फक्त वरूनच दिसू शकतं आणि त्या यंत्राचा एवढाच उपयोग आहे. ड्रोन झपकन ओढ्यावरून पलीकडे जातो.

'ड्रोन पोचला. मावशींना फरशीवरून यायचं आहे.'

त्यानंतर मी काहीही लिहिलं नाही. मावशी चालतात. बॅटरी संपल्यावर तुकडा बदलतो, तरी त्या चालतात, खऱ्या वेगाने. मध्येच खाली रस्त्यावरून दुधाची गाडी निघून जाते. त्यावरही शब्द नाही. पाऊण तास दाखवता येत नाही, पण चार तुकडे जोडून तीनेक मिनिटं होत होती. शेवटी त्या रिकाम्या रस्त्यावर पोचल्या की एकच वाक्य: 'गाडी गेली.'

दिग्दर्शकाचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. "मॅम, तीन मिनिटं सायलेन्स? ऑडियन्स ड्रॉप होईल."

"ऑडियन्स खुर्चीला बांधलेला आहे," मी म्हटलं. "त्याला चहा मिळणार आहे. तो कुठे जातोय?"

त्याने निदान ढोल तरी ठेवू म्हणून दोन दिवस घोळ घातला. मी ठेवू दिले नाहीत. मग तो शेवटाला धरणावरचा सूर्यास्त जोडतो म्हणाला. ते मी चालवून घेतलं, कारण माणसाचं सगळंच हिरावून घेऊ नये.

मंडळाची बैठक लोणावळ्यात, कारखान्याच्या विश्रामगृहात होती. गार हॉल, बाटलीबंद पाणी, चिक्कीच्या बशा. साहेब आणि मंडळाची बाकीची मंडळी पुढे सोफ्यावर, सोबत त्यांचा इंजिनिअर. वस्तीतर्फे मावशींना बोलावलं होतं. त्या ठेवणीतलं लुगडं नेसून सगळ्यात मागच्या रांगेत खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या होत्या. त्यांना कुणी चिक्की विचारली नाही. मी माझी बशी त्यांच्या हातात दिली.

चित्रफीत सुरू झाली. 'पिवळ्या खोळीवरची नजर काढू नका' हे वाक्य झालं आणि सोफ्यावरचे दोघे जण खरंच पुढे सरकले. गाडीचं वाक्य झालं, ड्रोन पलीकडे गेला, आणि निवेदन थांबलं. पडद्यावर पिवळा ठिपका ओढ्याच्या कडेने हळूहळू चालला होता. एकाने घसा साफ केला. एकाने फोन उघडला. दुधाची गाडी निघून गेली. ठिपका अजून चढावर होता.

साहेबांनी मान वळवली. "आवाज गेला का?"

त्या क्षणी दिग्दर्शकाने आपली लायकी दाखवली. "सॉरी सर, सॉरी," म्हणत तो लॅपटॉपवर झेपावला आणि चित्र पुढे ढकललं, सरळ सूर्यास्तावर. पडद्यावर धरणाचं पाणी सोन्यासारखं झालं. सोफ्यावरून कुणीतरी 'वा' म्हणालं. मला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली. मी उठेपर्यंत मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अवो, पुढं कुटं पळवताय?" मावशी उभ्या राहून म्हणाल्या. "मी अजून पोचले न्हाई."

साहेबांनी मागे वळून त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. ही तीच बाई, हे त्यांना आता कळत होतं.

"मागे घ्या," ते दिग्दर्शकाला म्हणाले. "आणि हात लावू नका."

सूर्यास्त गेला. ठिपका पुन्हा चढावर आला. मावशी बसल्या नाहीत, उभ्यानेच स्वतःला चालताना बघत राहिल्या. त्या फरशीवरून वळून रिकाम्या रस्त्यावर येईपर्यंत कुणी पाण्याची बाटलीसुद्धा उघडली नाही. मग साहेबांनी इंजिनिअरला विचारलं की, साकव पुढच्या पावसाच्या आत होईल ना.