कांद्याच्या रीलचा अंतरा

काष्टीच्या कानिफनाथ बेंजोवाल्याला गावात कुणी मास्तर म्हणतं, कुणी कटकट. मूळ गाणं ऐकल्याशिवाय बेंजोला हात लावायचा नाही, हा त्याचा बाणा. डीजेवाले वरातीमागून वराती पळवत होते तरी ह्याचा ताठा तसाच. बेंजो पार्टीत उरलेले पाच जण, त्यातला ताशावाला मेहताब त्याला तोंडावर सांगायचा, "मास्तर, तुमचा बाणा आपल्याला उपाशी मारनार."

तेवढ्यात अश्विनीचं लग्न ठरलं. अश्विनी गावातलीच, नवरदेव ओम भिंगारचा. ओमने फर्मावलं, वरातीत ते कांद्याच्या रीलचं गाणं पाहिजे, नाहीतर डीजे आणतो. बोलणं संपलं.

ती रील तुमच्याही मोबाईलवर येऊन गेली असेल. कांद्याचा लिलाव, तोंड पाडून उभे शेतकरी, मागे उंदरासारख्या चिरक्या आवाजात एक बाई गातेय, आणि वर लिहिलंय, 'कांदा गेला भाव सोडून'. सगळा कारभार आठ सेकंदांचा. आठ सेकंदांत घोडा पाऊलही टाकत नाही. मंडपापर्यंत जायचं तर अंतरा हवा, आणि अंतऱ्यासाठी मूळ गाणं हवं.

कानिफ आणि मेहताब ओट्यावर बसले. मेहताबने रीलवरचं वाक्य जसंच्या तसं शोधलं. घोडेगावचा भाव आला, लासलगावचा भाव आला, कांदा चाळीच्या अनुदानाची बातमी आली.

"गानं शोधतूयस का आडत टाकतूयस?" कानिफ खेकसला.

रीलमधल्या आवाजाच्या नावावर बोट दाबलं, तर तिथं नुसतं 'ओरिजिनल ऑडिओ', पुढं कुठल्याशा कांदा व्यापाऱ्याचं नाव. गाणं ओळखणारं ॲप लावलं, तेही गप्प. गाणं वेग वाढवून पळवलेलं, त्यावर लिलावाची बोंब. ॲप बिचारं काय ओळखणार!

मग मेहताबने क्लिप उतरवून तिचा वेग कमी केला. उंदराची बाई झाली. बोंबेखालून दोनच शब्द नीट ऐकू आले, 'गेला' आणि 'सोडून'.

कानिफने मांडीवर ठेका धरला. "हे दोन खरे. म्हंजी रीलवाल्यानं बाकीचे दोन बदलले. चालीत बसंल असं काय हाय? भाव... गाव! गाव सोडून कोन गेलं? कान्हा गेला! गवळण हाय रं ही, मेहताब!"

आता 'कान्हा गेला गाव सोडून' असं शोधलं, तर गवळणींचा ढीगच पुढ्यात. शब्द थोडेफार तेच, चाली भलत्याच. कानिफ एकेक ऐकायचा आणि शिवी घालून पुढं ढकलायचा. मेहताब कंटाळून झोपायच्या बेतात होता, तेव्हा ती चाल लागली. अकोल्याकडच्या एका भजनी मंडळाचा जुना व्हिडिओ, बघणारे मूठभर, गाणारी भीमाबाई. तोच आवाज, तीच हरकत. पण अंतऱ्यात कान्हा कुठंच नव्हता, कुणी भिमाजी होता. खाली मंडळाचा नंबर होता.

"भिमाजी माजं मालक," फोनवर भीमाबाई म्हणाल्या. "त्यांच्या दहाव्याला म्हनलं हुतं."

कानिफचा चेहरा उतरला. दहाव्याचं गाणं वरातीत! "पन मावशी, मूळ अंतरा कंचा?"

"मूळ कुटला आलाय? धुरपद तेवडं आमच्या आईचं. अंतरा जो जाईल त्याचा बांदायचा. तुमचं कोन गेलं?"

"गेलं न्हाई कुनी. लगीन हाय पोरीचं."

पलीकडे बाई खो खो हसल्या. "मंग पोरगी जातीच की! नाव सांगा. रोज काय करती ती?"

आयुष्यभर मूळ गाण्यासाठी भांडलेला हा माणूस गार पडला. मग हळूच म्हणाला, "अश्विनी. स्कूटीवरून डेअरीला दूध घालती." बाईंनी जरा वेळ गुणगुणून दोन ओळी बांधून दिल्या.

वरात दणक्यात झाली. अंतऱ्याची चाल बेंजोवर अशी चढली की ओम घोड्यावरून उतरून नाचला. शब्द कुणाला ठाऊक नव्हते, कुणाला नकोही होते.

पाठवणीला मात्र कानिफने बेंजो खाली ठेवला आणि माईक हातात घेतला. मेहताबने कपाळावर हात मारला, कारण मास्तरचा गळा म्हणजे बिनतेलाचा रहाट. तरी तो गायला:

"अश्विनी गेली गाव सोडून, स्कूटी उभी दारी गं,
डेअरीवाला वाट बघतो, किटली राहिली घरी गं."

मंडपात आधी हशा पिकला. अश्विनीही हसली. मग हसता हसता तिला हुंदका आला आणि गाडीचं दार धरून ती तिथंच उभी राहिली. तिचा बाप सकाळपासून जेवणावळीत पळत होता, तो खुर्ची ओढून मटकन बसला. ओमने तिला गाडीत बसायला सांगितलं नाही.

"कानिफकाका," ती म्हणाली, "परत म्हना."

त्याने परत म्हटलं, आणि तेही बेसूरच.